ब्रश पेनने जाड-बारीक येतच नाही, वर जाणारी रेघ थरथरते? पेन बदलायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं बघा, यातलं काय काय तुमच्या कागदावर दिसतंय ते. खाली येणारी रेघ जाड येते पण वर जाणारी पण तेवढीच जाड राहते. किंवा वर जाताना बारीक येते पण सापासारखी वळवळते. किंवा वळणाच्या ठिकाणी, म्हणजे प च्या खालच्या पोटात नाहीतर वेलांटीच्या माथ्यावर, शाईचा गोळा झाल्यासारखा जाड ठिपका बसतो. किंवा रेघेच्या कडेला दातेरी केसं केसं दिसतात. आणि शेवटचं, नवीन पेन घेतलं की दोन दिवस बरं येतं आणि मग पुन्हा तेच.

माझ्याकडे जळगावात सुटीत शिकायला मुलं येतात, मोठी माणसं पण येतात, आणि दर वर्षी पहिल्या आठवड्यात हेच पाच प्रकार फिरून फिरून समोर येतात. प्रश्न पण ठरलेला, "सर, पेन खराब शे का?" बहुतेक वेळा पेन खराब नसतं. म्हणून खाली जे लिहितोय ते फुकटच्या गोष्टींपासून सुरू करतो आणि पेन विकत घ्यायची गोष्ट शेवटी ठेवतो, त्याच क्रमाने जा, मधलं सोडून उडी मारू नका, कारण हात चुकत असेल तर नवीन पेनाचं टोकही तसंच फुटणार.

सगळ्यात आधी एक छोटी टेस्ट

एका कागदावर नुसत्या खाली येणाऱ्या दहा रेघा मारा, पूर्ण दाब देऊन. दुसऱ्या ओळीत नुसत्या वर जाणाऱ्या दहा रेघा, दाब न देता, टोक कागदाला फक्त टेकलंय इतपत. तिसऱ्या ओळीत दोन्ही जोडून, खाली येऊन वळून वर.

आता बघा बिघाड कुठे आहे. नुसती वर जाणारी रेघ एकटीच काढली तरी जाड येत असेल तर पेन धरायचा अँगल चुकतोय नाहीतर टोक गेलंय. एकटी काढली तर बारीक येते पण थरथरते, तर पकड आणि हात हलवायची पद्धत. आणि पहिल्या दोन्ही ओळी छान पण तिसरी बिघडते, तर पेनही चांगलं आहे आणि पकडही चांगली आहे, फक्त दाब कधी सोडायचा ते चुकतंय. पाच मिनिटांचं काम आहे पण यावरूनच पुढचं सगळं ठरतं, म्हणून हा कागद फेकू नका, तारीख टाकून ठेवा.

पहिली तपासणी: पेन किती उभं आहे

बॉलपेनची सवय इथे आडवी येते. बॉलपेनला कसंही धरा, रेघ तीच. ब्रश पेनचं टोक शंकूसारखं असतं, त्याचा नुसता शेंडा टेकला तर बारीक रेघ आणि दाब दिला की शंकूची कूस कागदावर लोळते आणि जाड रेघ येते. म्हणजे जाडी ही शेंड्यातून येत नाही, कुशीतून येते. पेन उभं धरलं तर दाब दिल्यावर शेंडाच मध्ये मोडतो, कूस टेकतच नाही, रेघ थोडीशीच जाड होते आणि टोकाचे तंतू फाकतात. आणि पेन फारच आडवं पाडलं तर कूस कायमच टेकलेली राहते, मग वर जाताना कितीही हलका हात ठेवा, रेघ बारीक होणार नाही.

कागदापासून साधारण 45 अंश, म्हणजे उभं आणि आडवं याच्या बरोबर मध्ये. पेन टोकाजवळ चिमटीत धरू नका, दोन-तीन सेंटीमीटर मागे धरा.

आता दुसरी गोष्ट जी लोक बघतच नाहीत. पेनची दांडी कुठल्या दिशेला झुकलीय? तुम्ही सरळ उभा दंड खाली ओढताय आणि दांडीपण सरळ तुमच्या छातीकडे झुकलीय, तर टोक रेघेच्याच दिशेत घसटत येतं आणि रुंदी मिळत नाही. दांडी उजव्या खांद्याकडे झुकलेली हवी, टोक वर डावीकडे बघतंय असं, म्हणजे कूस आडवी पडते आणि दंड भरून येतो. हात वाकडा करायची गरज नाही, कागद थोडा डावीकडे तिरका ठेवा, आपोआप जमतं. डावखुऱ्यांनी कागद उलट बाजूला तिरका करायचा आणि हात ओळीच्या खाली ठेवायचा, हात वरून वाकवून लिहिलं तर टोक पुढे ढकललं जातं आणि लवकर फाटतं.

ज्यांनी आधी बोरू किंवा कट निब वापरलीय त्यांना इथे सगळ्यात जास्त त्रास होतो असं मी कायम बघितलंय, आणि ते हुशार असूनही अडकतात. बोरूत जाड-बारीक हे कापलेल्या टोकाच्या कोनातून येतं, हाताचा दाब सगळीकडे सारखाच. तीच सवय घेऊन ब्रश पेन हातात घेतलं की ते कोन सांभाळत बसतात आणि दाब बदलतच नाहीत, म्हणून अक्षराचा घाट सुंदर पण रेघ एकसारखी. अशा माणसाला मी पहिले काही दिवस अक्षर काढूच देत नाही, नुसत्या रेघा.

दुसरी तपासणी: थरथर

वर जाणारी रेघ थरथरते तेव्हा बहुतेक जण अजून हळू जातात आणि अजून घट्ट धरतात. दोन्हीने थरथर वाढते. नुसत्या बोटांनी रेघ वर न्यायला गेलं की बोटं थोड्या अंतरातच संपतात, मग माणूस रेघेच्या मध्येच बोटं परत सरकवतो आणि नेमकं तिथेच खोच पडते. रेघ नीट बघा, वळवळ नेहमी साधारण एकाच उंचीवर असेल तर हेच कारण.

उपाय असा की करंगळीची बाजू कागदावर टेकवायची आणि कोपरापासून पुढचा हात एकत्र वर सरकवायचा, बोटं जवळपास स्थिर. कोपर टेबलावर असलं पाहिजे, हवेत लटकत नको. पलंगावर पोटावर वही ठेवून हे होत नाही, खाली बसूनच लिहायचं तर चौरंग किंवा पाट घ्या. वेग मध्यम ठेवा, खाली येताना निवांत, वर जाताना किंचित जास्त. पकड सैल आहे का हे बघायला दुसऱ्या हाताने पेन मागून हळूच ओढा, सहज निसटलं पाहिजे.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये अजून एक भानगड होते. जळगाव-भुसावळकडे 45 च्या पुढे पारा जातो, तळहाताला घाम येतो, करंगळी कागदाला चिकटते आणि हात सरकायच्या ऐवजी झटके खात जातो. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, तो हाताबरोबर सरकतो आणि घाम-तेल लिहायच्या कागदाला लागत नाही.

तिसरी तपासणी: कागद

इथे थोडेच पैसे लागतात. रेघेच्या कडेला केसं दिसत असतील तर आधी कागदावर संशय घ्या. साधा झेरॉक्सचा 70-75 जीएसएम कागद हाताला गुळगुळीत वाटतो पण टोकाला तो खरखरीत असतो, त्याचे तंतू शाई ओढून घेतात म्हणून कड फुटते, आणि तोच कागद रोज टोक घासून घासून त्याचे तंतू सुटे करतो. "नवीन पेन दोन दिवस बरं चालतं" याचं हे एक मोठं कारण.

ओळखायचं सोपं आहे. त्याच पेनाने तीच रेघ झेरॉक्स पेपरवर आणि ट्रेसिंग पेपरवर काढा. ट्रेसिंगवर कड स्वच्छ आली तर दोष कागदाचा, दोन्हीकडे केसं आली तर दोष टोकाचा.

सरावाला मी ट्रेसिंग पेपरच सांगतो, स्टेशनरीच्या दुकानात सुटा मिळतो, आणि खाली गणिताची चौकटीची वही ठेवली की रेघा मारायची कटकट नाही, चौकटी वरून दिसतात. एवढंच की ट्रेसिंगवर शाई लवकर वाळत नाही, हात फिरला की पसरते, म्हणून वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे भरत जा. आणि कूलर! कूलरच्या झोतात कागद ठेवला की तो हवेतली ओल पितो, झेरॉक्स पेपर तर मऊ पडतो आणि मग शाई फुलते. पावसाळ्यात पण तेच. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लिहिताना कूलरसमोरून बाजूला बसा.

चौथी तपासणी: दाब सोडायची जागा

खरा आजार इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अमळनेरच्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला नद्यांची नावं लिहायची होती, "तापी" लिहिलेला फोटो तिने पाठवला. चारही दंड अगदी भरीव. पण त च्या शेपटाला गाठ, प च्या खालच्या वळणात मोठा गोळा आणि वेलांटी पूर्ण जाड, प च्या डोक्यावर विट ठेवल्यासारखी. मी वरची टेस्ट करायला सांगितली, पहिल्या दोन ओळी सुरेख आल्या, तिसरी बिघडली. म्हणजे हात तयार आहे, दाब सोडायला उशीर होतोय.

होतं काय की आपण डोळ्याने वळण दिसल्यावर दाब सोडतो. पण टोक लवचिक असतं, ते दबलेलं असताना लगेच उभं राहत नाही, त्याला परत यायला थोडं अंतर लागतं. म्हणून दाब वळणाच्या आधी सोडायला सुरू करायचा, वळणाच्या तळाशी पोचेपर्यंत रेघ बारीक झालेलीच हवी.

तिला मी असं करायला लावलं. चौकटीच्या वहीवर तीन चौकटी उंचीचं अक्षर धरायचं, वरची रेघ आणि खालची रेघ पेन्सिलने गडद करायची, आणि खालून पहिल्या चौकटीवर एक वेगळ्या रंगाची रेघ. ही सोडायची रेघ. खाली येताना वरच्या दोन चौकटी पूर्ण दाब, रंगीत रेघ लागली की दाब उतरवायला सुरुवात, तळाला शेंड्यावर, आणि तसंच हलक्या हाताने वर. हा झाला खालून वळायचा स्ट्रोक, इंग्रजी यु सारखा, आणि तोच प चं पोट आहे.

याच्या उलट वरून वळायचा स्ट्रोक. खालून हलक्या हाताने वर, माथ्यावरून बारीकच वळायचं, आणि माथा ओलांडून खाली उतरायला लागल्यावरच दाब भरायचा. इथे लोक उलटी चूक करतात, दाब लवकर देतात, म्हणून माथा जाड होतो. वर पण पहिल्या चौकटीवर रंगीत रेघ मारा, ही भरायची रेघ, माथ्यावरून उतरताना तिथे पोचेपर्यंत दाब पूर्ण झालेला पाहिजे, त्याच्या आधी नाही.

हे दोन जमले की दोन्ही जोडून लाटेसारखी ओळ, बारीक वर, जाड खाली, बारीक वर, मधे पेन न उचलता. आणि शेवटी अंडाकृती. अंडाकृती वरच्या बिंदूपासून सुरू करू नका, घड्याळात 2 वाजतात तिथून सुरू करा, हलक्या हाताने वर आणि डावीकडे, डावी बाजू उतरताना दाब, तळाच्या आधी सोडायचा, उजवीकडून बारीक वर येऊन मिळवायचं. थेट माथ्यावरून सुरू केलं तर सुरुवातीलाच दाब पडतो आणि जोड दिसतो. व आणि ब चं पोट यातूनच येतं, म्हणून ही रेघ आळस न करता घोटा.

रोज वीस मिनिटं पुरतात, एका वेळी एकच स्ट्रोक, एक पान. पान भरलं की सगळ्यात चांगल्या तीन स्ट्रोकना गोल करा आणि बघा ते चांगले का आले. नुसती पानं भरत गेलं की चुकीचाच हात पक्का होतो.

मग "तापी" कोणत्या क्रमाने

त ची आडवी सुरुवात दंडाच्या जागेपासून डावीकडे, हलकी. वळून खाली उतरताना दाब, आणि खाली टोक उजवीकडे वळायच्या आधी सोडायचा. पेन उचला. मग त चा दंड वरून खाली, पूर्ण दाब. पेन उचला. काना तसाच. मग प, डावी बाजू वरून खाली जाड, सोडायच्या रेघेपासून हलकं, बारीक वळून उजवीकडे वर, आणि ही रेघ दंडाची जागा आली की संपवायची. पेन उचला, प चा दंड. शेवटी दुसरी वेलांटी, प च्या डोक्यापासून बारीक वर, माथ्यावर बारीक, उजवीकडे उतरताना दाब भरत भरत थेट दंडात, एकाच ओढीत.

शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे, अर्ध्या दाबाने. ती दंडाइतकी जाड केली तर शब्द डोक्यात जड होतो, अगदी बारीक केली तर दंड लोंबकळल्यासारखे दिसतात, मला अर्धीच आवडते. आणि ती शेवटीच का, तर आधी मारली की प्रत्येक दंड सुरू करताना टोक ओल्या रेघेत बुडतं, तिथे शाई साचते आणि ओला कागद सोलवटून त्याचे तंतू टोकात अडकतात. अक्षरं वाळू द्या, मग शिरोरेघ.

प्रत्येक स्ट्रोकनंतर पेन उचलायचं, हे लिहिणं नाही, तुकडे जोडणं आहे. रोजच्या हस्ताक्षरासारखं भरभर ओढत गेलं की दाब बदलायला वेळच मिळत नाही. त्या मुलीने चार-पाच दिवस नुसती दोन वळणं घोटली आणि मग परत "तापी" लिहिलं, पेन तेच, गोळे गेले. वेलांटी अजून थोडी भारी होती, ती नंतर "गिरणा" लिहिताना सुटली कारण त्यात पहिली वेलांटी आहे आणि ती उलट्या बाजूने चढते, तिच्यामुळे वर चढताना हात हलका ठेवायची सवय लागते.

पाचवी तपासणी: पेन

इथपर्यंत सगळं केलं आणि ट्रेसिंगवरही केसं दिसतायत, तेव्हाच पेनकडे या.

आधी ते ब्रश पेन आहे का हेच बघा. ब्रश पेन म्हणून विकली जाणारी काही लहान मुलांची स्केच पेनं असतात, टोक ब्रशच्या आकाराचं पण कडक. हलकेच दाबून बघा, टोक वाकलं आणि सोडल्यावर सरळ झालं तर ठीक. दोन तोंडाच्या पेनात, जसं टॉम्बो ड्युअल ब्रश, एका बाजूला ब्रश आणि दुसऱ्या बाजूला साधं बारीक टोक असतं, त्या साध्या टोकाने कितीही दाबलं तरी जाड-बारीक येणार नाही. शिवाय त्याचं ब्रशचं टोक मोठं आणि मऊ आहे, ते सुरुवातीला आवरत नाही. नवीन माणसाने लहान आणि जरा ताठ टोक घ्यावं, टॉम्बो फुडेनोसुकेचं हार्ड टिप त्यासाठी चांगलं, तेच सॉफ्ट टिपमध्ये पण येतं पण ते नंतर. ताठ टोक लगेच परत उभं राहतं म्हणून दाब सोडायला थोडा उशीर झाला तरी निभतं.

रेघेत मधे मधे पांढरे पट्टे येत असतील तर टोक कोरडं पडलंय. टोपण घट्ट लावून टोक खाली करून रात्रभर उभं ठेवा, दोन तोंडाचं असेल तर आडवं ठेवा. उन्हाळ्यात टोपण उघडं ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत टोक सुकतं, ही सवय मोडाच.

टोक फाकलं असेल तर पेन बोटात थोडं फिरवून दुसरी बाजू वापरून बघा, कधी कधी एक बाजू शाबूत असते. ब्लेडने टोक कापू नका, तंतू अजून सुटतात. ते पेन मोठ्या जाड अक्षरांना ठेवा आणि बारीक कामाला नवीन घ्या.

कुठे थांबायचं

अंगठा किंवा मनगट दुखतंय, बोटांना मुंग्या येतायत, तर त्या दिवशी बंद. दोन-चार दिवस विश्रांती घेऊनही तेच होत असेल तर डॉक्टरकडे जा, सराव वाढवून हे जात नाही. तसंच थरथर फक्त पेन धरल्यावर नाही तर चहाचा कप धरतानाही दिसते, तर तो लेटरिंगचा विषय नाही, डॉक्टरला दाखवा.

सगळ्या तपासण्या केल्या, महिनाभर रोज घोटलं आणि तिसरी ओळ अजून जशीच्या तशी, तर कुणा जाणत्या माणसासमोर बसून लिहा. फोटोत शाई दिसते, हात दिसत नाही. तुमच्या गावातले ड्रॉइंगचे शिक्षक किंवा पाट्या रंगवणारे जुने पेंटर, त्यांना लिहितानाचा हात दाखवा. पाट्या रंगवणाऱ्याने आयुष्यभर ब्रशचा दाबच सांभाळलेला असतो, तो दहा मिनिटांत सांगेल मनगट कुठे अडकतंय.

आणि लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, सत्काराचं मानपत्र असं एकदाच होणारं आणि तारखेला बांधलेलं काम असेल आणि तुमच्या वळणात अजून गोळे येत असतील, तर ते काम सरळ व्यावसायिकाला द्या. मानपत्राचा कागद महाग असतो आणि त्यावर खोडता येत नाही. पाहिजे तर पाकिटांवरची नावं तुमच्याकडे घ्या, एक बिघडलं तर दुसरं पाकीट असतं.